पसंतीची खूण आणि रिकामा रकाना

प्रश्न: मी लग्नांचे फोटो काढतो. सीझनमध्ये इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायला अजिबात वेळ मिळत नाही. पार्टीने अल्बमसाठी निवडलेले फोटो आपोआप पोस्ट होतील असे ऑटोमेशन लावावे का? कोणते चांगले?

उत्तर:

अल्बमसाठी निवडलेले फोटो आपोआप पोस्ट करू नका. कोणते ऑटोमेशन चांगले हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि खरे सांगायचे तर तो फारसा महत्त्वाचाही नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या सगळ्यांचे काम एकाच पद्धतीने चालते: एखाद्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली किंवा तक्त्यात एखादी खूण झाली की ते पुढची कृती करतात. त्या खुणेचा अर्थ काय हे त्यांना कळत नाही. तो आपण ठरवतो, आणि मी तो चुकीचा ठरवला होता.

सांगलीच्या आसपास मी आणि माझा तेव्हाचा भागीदार मिळून लग्नांची कामे घेत असू. लग्नानंतर चार दिवसांत वीसेक फोटो निवडून, त्यांच्या लहान आकाराच्या प्रती एका ऑनलाइन तक्त्यात लावून मी वधूवरांना पाठवत असे. प्रत्येक फोटोसमोर ‘पसंत’ नावाचा एक चौकोन होता, आणि त्यांनी खूण केली की संध्याकाळी आठ वाजता ते फोटो स्टुडिओच्या खात्यावर जात. या मार्गाने एका पोस्टमध्ये दहापेक्षा जास्त फोटो जात नाहीत, त्यामुळे वीस फोटोंच्या दोन पोस्ट होत. मजकुराचा साचा ठरलेला होता. त्यात वधूवर, मेकअप करणारी आणि कार्यालय यांची खाती आपोआप जोडली जात. ही व्यवस्था चौदा लग्नांत एकदाही चुकली नाही, आणि मला तिचा अभिमान होता.

तक्त्यात आणखी एक रकाना होता, ‘हरकत’. तो भागीदाराच्या आग्रहामुळे आला होता. माझे म्हणणे असे होते की प्रत्येक फोटोला स्वतंत्रपणे ‘प्रसिद्ध करण्यास होकार’ असा रकाना ठेवावा आणि तो भरला नसेल तर फोटो जाऊ नये. त्याचे म्हणणे असे की लोक रकाने भरत नाहीत, मग आपण कधी पोस्टच करू शकणार नाही. म्हणून उलट करू, ज्याला नको असेल त्याने ‘हरकत’मध्ये लिहावे आणि रिकामे असेल तर होकार समजावा. शिवाय आगाऊ रकमेच्या पावतीच्या मागे ‘छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्याचा अधिकार स्टुडिओस राहील’ असे एक कलम छापलेलेच होते. मी दोन दिवस वाद घातला आणि मग सीझन सुरू झाल्यामुळे सोडून दिला. तो वाद तेव्हाच तडीस न्यायला हवा होता.

पंधराव्या लग्नाच्या वेळी आमच्या मदतनीस मुलाने एक सोयीची सूचना केली. लोकांना दोन लिंक पाठवल्या की गोंधळ होतो, एक पोस्टसाठी आणि एक अल्बमसाठी. तर अल्बमची निवडही याच तक्त्यात करून घेऊ. मला ते पटले. त्याने साडेचारशे फोटो त्यात लावले, आणि मोबाइलच्या पडद्यावर तक्ता आटोपशीर दिसावा म्हणून न लागणारे रकाने लपवले. लपवलेल्या रकान्यांत ‘हरकत’ होता. यात त्या मुलाची चूक आहे असे मी मानत नाही, कारण तो रकाना कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मुलीच्या घरचे सगळे एका दुपारी एकत्र बसले आणि त्यांनी अल्बमसाठी शंभरेक फोटोंवर खुणा केल्या. त्यांच्या दृष्टीने ती घरातली निवड होती. ऑटोमेशनच्या दृष्टीने ती शंभर फोटोंना मिळालेली मंजुरी होती, आणि हरकतीचा रकाना तर सगळीकडे रिकामाच होता. त्याने आपल्या क्रमाने पहिले दहा उचलले आणि बरोबर आठ वाजता पोस्ट केले.

त्या दहांमध्ये सातवा फोटो मेकअपच्या खोलीतला होता. आई मुलीच्या कपाळावर मुंडावळ्या बांधते आहे, वाकताना तिच्या डोक्यावरचा स्कार्फ मागे सरकला आहे, आणि दोघींचेही त्याकडे लक्ष नाही. आईची केमोथेरपी सुरू होती. लग्नभर ती विग लावून वावरली होती. त्या खोलीत तेवढ्या दहा मिनिटांसाठी तिने तो काढून ठेवला होता. माझ्या मते त्या लग्नातला तो सर्वांत चांगला फोटो आहे, आणि घरातल्यांचेही तेच मत होते, म्हणूनच त्यावर पहिल्यांदा खूण झाली. आईच्या आजाराबद्दल तिच्या माहेरी कोणालाही सांगितलेले नव्हते. तिची स्वतःची आई ऐंशीच्या पुढची, आणि हे तिच्या कानावर जाऊ नये असे घरात ठरलेले होते.

मी त्या संध्याकाळी दुसऱ्या गावात एका संगीताच्या कार्यक्रमात होतो आणि फोन बॅगेत होता. साडेदहाला पाहिला तेव्हा सतरा कॉल येऊन गेले होते. मी घाईघाईत इन्स्टाग्रामवरची पोस्ट काढून टाकली आणि मुलीला कळवले की आता काही उरलेले नाही. ते खरे नव्हते. इन्स्टाग्रामवर टाकलेले तेच फोटो स्टुडिओच्या फेसबुक पानावरही जात असत, आणि एका ठिकाणची पोस्ट काढली म्हणून दुसऱ्या ठिकाणची जात नाही. ती सकाळपर्यंत तशीच होती, आणि मुलीच्या मामींनी पाहिली ती तीच. तोवर मेकअप करणाऱ्या मुलीने, तिचे खाते जोडलेले असल्यामुळे, तो फोटो कौतुकाने आपल्या व्हॉट्सअॅप स्टेटसला लावला होता, आणि ते काढून घेणे माझ्या हातात नव्हते. उरलेले नव्वद फोटो पुढच्या संध्याकाळींच्या रांगेत उभे आहेत हे तर मला रात्री दोन वाजता सुचले, तेव्हा कुठे ऑटोमेशन बंद केले. अशा वेळी आधी यंत्रणा बंद करायची आणि मग पोस्ट काढायची असते. माझा क्रम उलटा झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आई बाहेर आल्या नाहीत. मुलगी एवढेच म्हणाली, “दादा, आम्ही तुम्हाला खोलीत येऊ दिलं होतं.” राहिलेला साठ हजारांचा हप्ता मी घेतला नाही आणि घडले कसे ते त्यांना जसेच्या तसे लिहून दिले.

भागीदाराला हे दोन्ही मान्य नव्हते. त्याचे म्हणणे, पावतीवर सही आहे, फोटो आपण काढला म्हणजे हक्क आपला, आणि लिहून देणे म्हणजे चूक कबूल करणे. यावर आमचे जे बिनसले ते बिनसलेच. फोटोग्राफरांच्या ग्रुपवर तो आजही हेच सांगतो, आणि नवी मुले माना डोलावतात, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ वाचा. एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. कॅमेरा ज्याच्या हातात होता तो नव्हे. म्हणजे लग्नाचे पैसे घेऊन काढलेले फोटो मुळात ग्राहकाचे आहेत. आमचा उलट करार म्हणजे पावतीच्या मागची बारीक अक्षरे, आणि त्यावर सही कोणाची, तर आगाऊ रक्कम द्यायला आलेल्या मुलीच्या काकांची. त्या कलमाच्या जोरावर आईचा तो फोटो जगाला दाखवण्याचा हक्क आपल्याला मिळतो असे ज्याला वाटते, त्याने खुशाल वाटून घ्यावे. मी वकील नाही आणि नीट लिहिलेल्या करारामुळे मालकी तुमच्याकडे येऊ शकते हेही खरे आहे. पण मालकी आली तरी ‘रिकामा रकाना म्हणजे होकार’ हा नियम त्यामुळे बरोबर ठरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या तक्त्यात आज ‘अल्बम’ आणि ‘प्रसिद्धी’ असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि अल्बमचा तक्ता ऑटोमेशनला जोडलेलाच नाही. प्रसिद्धीसाठी मी वीसच फोटो पाठवतो आणि ते फक्त वधूवरांना पाठवतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर नाही. तिथे चौकोन नाही. ‘हो’ हा शब्द टाइप करावा लागतो, कारण चौकोनावर बोट चुकून पडते. यंत्रणा फक्त मसुदा तयार करून माझ्याकडे पाठवते आणि पोस्ट मी स्वतः करतो, तेही फोनवर पुढचे दोन तास लक्ष ठेवता येणार असेल त्याच दिवशी. दर लग्नामागे याला पाऊण तास लागतो. सीझनमध्ये पाऊण तास मिळत नसेल तर पोस्ट महिनाभर उशिरा जाऊ द्या. पुढच्या वर्षीची पार्टी पोस्टची तारीख बघून काम देत नाही, निदान मला तरी तसा अनुभव नाही.

तुम्ही आधीच काही लावले असेल तर एक चाचणी आजच करा. चाचणीसाठी कोणीही फॉलो करत नसलेले एखादे वेगळे व्यावसायिक खाते जोडा, स्वतःचाच एखादा फोटो तक्त्यात टाका, संमतीची जागा पूर्ण रिकामी ठेवा आणि ठरलेल्या वेळेपर्यंत थांबा. फोटो गेला, तर तुमच्याकडे माझाच जुना नियम चालू आहे. मग तो रकाना लपवून पुन्हा बघा, आणि गेलेली पोस्ट एका ठिकाणाहून काढल्यावर आणखी कुठे कुठे उरते तेही शोधा. मी माझी चाचणी सगळे रकाने नीट भरून घेतली होती, म्हणून ती चौदा वेळा पास झाली.

ऑटोमेशनच वाईट असे माझे म्हणणे नाही, हे आधीच सांगायला हवे होते. कार्डावरचे फोटो दोन डिस्कवर उतरवणे, हप्त्याची आठवण पाठवणे ही कामे माझ्याकडे आजही आपोआप होतात आणि उत्तम होतात, कारण त्यात कोणाची परवानगी लागत नाही.

तो अल्बम त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला, आणि मुंडावळ्यांचा फोटो मुलीच्या सांगण्यावरून पूर्ण पानभर आहे. भागीदार हे वाचत असेल तर त्याच्यासाठी एक निरोप: पावतीच्या मागचे ते कलम मी काढून टाकले आहे. जुनी छापील पावतीपुस्तके अकरा उरली आहेत, त्यातली निम्मी तुझ्या पैशांची आहेत. हवी असतील तर घेऊन जा.