व्हेरिअन्सचे दोन हिस्से: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे अर्धा किलो शेवेची पाकिटे दोन पॅकिंग मशीनवर भरली जातात. पहिल्याची सरासरी ५०० ग्रॅम आणि प्रमाण विचलन ३, दुसऱ्याची ५०५ आणि ४. ६० टक्के माल पहिल्यावर निघतो. दोन्ही व्हेरिअन्सची सरासरी काढली, तर एकत्र मालाचा व्हेरिअन्स त्यापेक्षा बराच जास्त येतो. काय सुटले?

मशीनच्या सरासऱ्यांमधला फरक सुटला. तुम्ही काढली ती सरासरी ६०-४० च्या प्रमाणात घेतली, तर ०.६ × ९ + ०.४ × १६ = ११.८ येते. पाकीट कोणत्या मशीनवरचे आहे हे माहीत असतानाही वजनात जो चढउतार उरतो, तो हा. पण एकत्र ढिगातून पाकीट उचलताना मशीन कोणते हेही माहीत नसते, आणि मशीन बदलले की सरासरीही बदलते.

एकूण सरासरी ५०२ आहे. पहिले मशीन तिच्या २ ग्रॅम खाली, दुसरे ३ ग्रॅम वर. म्हणून सरासऱ्यांचा व्हेरिअन्स ०.६ × ४ + ०.४ × ९ = ६. एकूण ११.८ + ६ = १७.८. वजन X आणि मशीन Y धरले तर:

Var(X) = E[Var(X|Y)] + Var(E[X|Y])

बेरीज इतकी नेमकी का जुळते? एकूण सरासरीपासूनचे प्रत्येक पाकिटाचे अंतर दोन टप्प्यांत मोडा: पाकिटापासून त्याच्या मशीनच्या सरासरीपर्यंत, आणि तिथून एकूण सरासरीपर्यंत. वर्ग केला की या दोन अंतरांच्या गुणाकाराचे एक पदही येते. एका मशीनपुरता दुसरा टप्पा सगळ्या पाकिटांना सारखाच, आणि पहिल्या टप्प्याची सरासरी शून्य. त्यामुळे ते पद सरासरीत नाहीसे होते आणि दोन वर्गच उरतात.

कारखान्यात याचा उपयोग असा: दुसरे मशीन ५०० वर आणले, तर ६ चा हिस्सा जातो आणि प्रमाण विचलन ४.२ वरून ३.४ वर येते. त्यापुढे सेटिंग कितीही फिरवले तरी फायदा नाही. उरलेले ११.८ मशीनच्या आतले आहेत.

प्रश्न: माझ्या दुकानात रोज सरासरी १०० गिऱ्हाइके येतात, प्रमाण विचलन २०. बिल सरासरी २०० रुपये, प्रमाण विचलन १५०. बिलेच इतकी कमीजास्त असतात, तर रोजच्या गल्ल्यातला चढउतार मुख्यतः बिलांमुळेच असणार ना?

नाही, उलट आहे. इथे अट गिऱ्हाइकांच्या संख्येची, N ची, घाला. N ठरलेला असेल आणि बिले एकमेकांवर अवलंबून नसतील, तर गल्ल्याची सरासरी २००N आणि व्हेरिअन्स २२,५००N.

पहिला हिस्सा, म्हणजे सशर्त व्हेरिअन्सची सरासरी: १०० × २२,५०० = २२.५ लाख. दुसरा, म्हणजे २००N चा व्हेरिअन्स: २०० चा वर्ग × ४०० = १६० लाख. एकूण १८२.५ लाख, प्रमाण विचलन सुमारे ४,२७० रुपये, आणि त्यातला जवळजवळ ८८ टक्के व्हेरिअन्स गर्दीचा. रोज बरोबर १०० गिऱ्हाइके आली असती, तर प्रमाण विचलन फक्त १,५०० असते. शंभर बिले एकत्र आली की लहानमोठी एकमेकांना बरीच सावरून घेतात. गर्दीच्या दिवशी मात्र सगळा गल्लाच वर जातो.

हे गणित बिलाची रक्कम गर्दीवर अवलंबून नाही असे धरून केले आहे. दिवाळीच्या आठवड्यात गिऱ्हाइके वाढतात आणि बिलेही फुगतात. तेव्हा २००N ऐवजी त्या गर्दीला पडणारी खरी सरासरी घ्यावी लागेल. सूत्र तेच राहते, दुसरा हिस्सा आणखी मोठा होतो.

प्रश्न: एक्सेलमध्ये पडताळून पाहिले. एका गटात २ आणि ४, दुसऱ्यात ८ आणि १०. VAR.S वापरून बेरीज जुळतच नाही. नियम फक्त कागदावरचा आहे का?

VAR.S हा n−1 ने भागतो आणि दर ठिकाणी n वेगळा आहे: गटात २, गटांच्या सरासऱ्यांमध्ये २, एकूण ४. म्हणून तुम्हाला २ + १८ = २० दिसले असतील आणि एकूण मात्र १३.३३. VAR.P घ्या: गटांच्या आत १, सरासऱ्या ३ आणि ९ यांचा ९, एकूण १०. गट लहानमोठे असतील, तर दोन्ही हिस्से काढताना गटाच्या आकाराचा भार द्यायला विसरू नका, VAR.P तो आपोआप देत नाही.

प्रश्न: दुसरा हिस्सा शून्य आला नाही, म्हणजे गट खरोखर वेगळे आहेत, असे म्हणता येईल?

नमुन्यावरून तेवढ्याने नाही. शेवेच्या दोन्ही मशीनची खरी सरासरी एकच असली, तरी प्रत्येकाची पाचच पाकिटे तोलली तर त्यांच्या सरासऱ्या थोड्या वेगळ्या येणारच. मशीनच्या आतला व्हेरिअन्स ११.८ असेल, तर पाच पाकिटांच्या सरासरीचा व्हेरिअन्स ११.८ ÷ ५, म्हणजे सुमारे २.४ असतो. सरासऱ्यांमधला फरक एवढ्याने सहज समजावता येत असेल, तर मशीनला दोष देण्याआधी आणखी पाकिटे तोला.