पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला फायर टीव्ही स्टिक जोडता येते का?

प्रश्न: गावी आईबाबांकडे जुना डबा टीव्ही आहे. मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीनच भोकं आहेत, एचडीएमआय नाही. फायर टीव्ही स्टिक चालेल का?

उत्तर:

चालेल. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागेल, आणि तो घेताना दिशा नीट बघा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात: तुम्हाला HDMI2AV लिहिलेली हवी, AV2HDMI नको. ती उलट्या कामाची आहे. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली स्वस्त केबल तर घेऊच नका. स्टिकचा सिग्नल डिजिटल, टीव्हीला हवा अ‍ॅनालॉग; तो बदलायला आत चिप लागते आणि त्या चिपला वीज लागते.

म्हणून दोन चार्जर लागतील. स्टिकला तिचाच अ‍ॅडॅप्टर लावा, कन्व्हर्टरला मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर पुरतो. स्टिक थेट कन्व्हर्टरमध्ये बसते. पुढे पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा, लाल मोकळी सोडा. मग टीव्हीच्या रिमोटवर AV दाबा. चित्र कृष्णधवल आलं किंवा वरखाली सरकत राहिलं, तर कन्व्हर्टरवरची खिटी NTSC वर असेल. ती PAL वर करा.

माझा आग्रह असा, की गावी नेण्याआधी स्टिक तुमच्या घरच्या एचडीएमआय टीव्हीवर लावून भाषा, अकाउंट, अ‍ॅप सगळं उरकून घ्या. ट्यूबवर बारीक अक्षरं फुटतात, तिथे पासवर्ड टाकताना डोळे दुखतात. मग गावी फक्त वायफाय जोडायचं उरतं. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Calibrate Display आहे. चेहरे मात्र उभट दिसतील, कारण रुंद चित्र चौकोनी काचेत दाबलं जातं. टीव्हीच्या मेनूत १६:९ असेल तर ते सुधारतं, नसेल तर तसंच बघावं लागतं.

मेनू छान दिसतो, पण सिनेमा लावला की पडदा काळा, असं झालं तर दोष बहुधा कन्व्हर्टरचा असतो. कॉपी रोखणारी एचडीसीपी ही व्यवस्था काही डब्यांना जमत नाही. सेटिंग चाळत बसू नका, डबी बदलून घ्या. त्यासाठी परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर आणखी एक. समोर जुनी ट्यूब आहे हे स्टिकला कळत नाही, ती एचडी चित्रच मागवते. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार त्याला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, मध्यम दर्जाला सुमारे ०.७ जीबी. ट्यूबवर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. तेव्हा अकाउंटच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये आईबाबांच्या प्रोफाइलला मध्यम दर्जा ठेवून द्या.