एफडी मोडाच, पण दहा एचपीसाठी नको

“सर, जत तालुक्यात डाळिंब आहे. मीटरपासून बोअर 450 मीटर, मोटर 100 मीटर खाली, सगळी चार एमएम कॉपर केबल. साडेसात एचपीची मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली, दर वेळी 15 हजार गेले. डीलर म्हणतो दहा एचपी घ्या, 90 हजार. दोन लाखाची एफडी मोडू का सोनं तारण ठेवू?”

दादा, आधी दहा एचपीचा विषय डोक्यातनं काढा. तुमची मोटर लहान नाही, केबल बारीक आहे.

चार एमएम कॉपरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 5 ओहम. तुमची केबल 550 मीटर, म्हणजे एका फेजला 2.75 ओहम. साडेसातची मोटर 15 अँपिअर घेते असं धरा आणि पॉवर फॅक्टर 0.85. 1.732 × 15 × 2.75 × 0.85, झाले 60 व्होल्ट. मीटरला 400 असले तर मोटरला 340 मिळतात. पाणी तर तेवढंच उचलायचंय, मग ती जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. एकूण ड्रॉप 5 टक्क्यांच्या आसपास हवा, तुमचा 15 टक्के आहे.

स्टार्टर मीटरजवळ असेल तर त्याच्यावरचा व्होल्टमीटर 400 च दाखवणार, आणि मोटर बंद ठेवून बोअरवर मोजलं तरी 400 च येणार, कारण करंट वाहिल्याशिवाय ड्रॉप होत नाही. वायरमनला मोटर चालू असताना बोअरच्या तोंडाशी जॉइंटवर मोजायला लावा, 350 च्या आसपास दिसलं की समजा.

आता दहा एचपी घेतली तर करंट 20 वर, ड्रॉप 80 व्होल्ट, म्हणजे तीही जळणार. वर साडेसातपर्यंतचं बिल मार्च 2029 पर्यंत माफ आहे ते जाईल. हे न सांगता 90 हजारांची मोटर गळ्यात मारणाऱ्याचा मला राग येतो.

जमिनीवरच्या 450 मीटरला 25 एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल टाका, ड्रॉप 12 व्होल्ट. बोअरमधली कॉपर तशीच ठेवा, तिचे 11. एकूण 23, साडेपाच-सहा टक्के, चालेल. तोंडाशी कॉपर-ॲल्युमिनियमचा जॉइंट बायमेटॅलिक लग लावूनच करा, नुसतं पिळून टेप मारली तर तिथंच जळेल.

मीटरला 200 रुपये धरले तर केबल 90 हजारांना पडेल, कोटेशन दोन-तीन ठिकाणचं घ्या. पण जुन्या केबलमध्ये 48 किलो तांबं आहे, किलोला 500 मिळाले तरी 24 हजार सुटतात. राहिले 66 हजार, आणि रिवाइंडिंगवर तुम्ही वर्षाला साडेबावीस घालवताय, म्हणजे तीन वर्षांत वसूल. बिल माफ असल्यामुळं वाचलेल्या युनिटचा फायदा मी धरलेलाच नाही, तसा हिशोब कुणी दाखवला तर मानू नका.

एफडी मोडा, पण लागेल तेवढीच, उरलेली परत ठेवा. सोनं घरातच राहू द्या.