कानांनी खेळायचे गेम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मुळात ऐकणारा माणूस आहे. चित्रे किती खरी दिसतात याच्याशी मला देणेघेणे नाही. सुरुवात कोणत्या गेमपासून करू?

‘आउटर वाइल्ड्स’पासून करा. २०१९ साली आलेल्या या गेमचे संगीत अँड्र्यू प्रालो यांचे आहे. त्याची शिफारस मी केवळ चाली गोड आहेत म्हणून करत नाही. या गेममध्ये ऐकणे हेच एक काम आहे आणि ते काम करण्यासाठी तुमच्या हातात एक यंत्रही दिलेले असते.

तुम्ही एका छोट्या सूर्यमालेतले नवखे अंतराळवीर आहात. तुमच्या आधी गेलेले काही प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर मुक्काम ठोकून बसले आहेत आणि प्रत्येक जण आपापले वाद्य वाजवतो आहे. एक जण बँजो छेडतो, एक बासरी वाजवतो, एक ढोलावर ठेका धरतो, एकाकडे माउथ ऑर्गन आहे आणि एक जण नुसतीच शीळ घालतो. सिग्नलस्कोप नावाची दुर्बिणीसारखी वस्तू आकाशाकडे रोखली की ज्या दिशेला ती वळेल तिकडचे वाद्य ऐकू येते. नेम जरा चुकला तर सूर खरखरीत बुडतो आणि नेम बसला की स्वच्छ होतो. नकाशा न उघडता केवळ कानाच्या भरवशावर यान एखाद्या ग्रहाकडे नेता येते.

यातली खरी गंमत अनुभवण्यासाठी पुढील प्रयोग करून पाहा. यान सूर्यापासून दूर, मालेच्या अगदी कडेपर्यंत न्या, तिथे थांबा, मागे वळा आणि प्रवाशांच्या वारंवारितेवर लावलेला सिग्नलस्कोप सूर्याच्या दिशेने धरा. आता सगळे ग्रह एकाच दिशेला असल्यामुळे सगळी वाद्ये एकदम ऐकू येतात. एकमेकांपासून कोट्यवधी मैलांवर असल्यासारखे भासणारे हे लोक एकाच लयीत, एकच चाल वाजवत होते हे तेव्हा कळते. जवळ गेल्यावर जी अर्धवट धून वाटत होती, ती एका मोठ्या रचनेतला एक पदर होती. पुढे कधीतरी एक ओळखीचे वाद्य तुम्हाला अशा जागी ऐकू येईल जिथे वाजवणारा बसणेच शक्य नाही. तिथे थांबा आणि शोध घ्या, याहून जास्त मी सांगणार नाही.

काळही इथे कानानेच मोजता येतो. गेमचे एक आवर्तन २२ मिनिटांचे असते आणि ते संपत आले की एक विशिष्ट संथ संगीत सुरू होते. पहिल्यांदा ते नुसते सुंदर वाटते. चौथ्या-पाचव्या वेळी त्याचे पहिले दोन स्वर कानावर पडताच हातातले काम टाकून तुम्ही स्तब्ध होता, कारण आता काय होणार हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. पडद्यावर कुठेही घड्याळ नसताना हे घडते.

एक सूचना मात्र करायला हवी. यान चालवणे सुरुवातीला जिकिरीचे आहे. स्वयंचलित उड्डाणाची सोय आहे, पण वाटेत सूर्य आला तर ती तुम्हाला बिनदिक्कत सूर्यातून नेते. पहिले दोन-तीन तास आदळआपट होणारच हे गृहीत धरून बसा.

प्रश्न: गेममध्ये अंगावर काटा आणणारे संगीत अल्बमवर ऐकले की सपाट वाटते. माझ्या कानांचा दोष आहे का?

दोष कानांचा नाही. अल्बमवर असते ती त्या संगीताची एक शक्यता, आणि तीही कुणीतरी बसून निवडलेली. गेमचे संगीत बहुधा सुट्या थरांमध्ये लिहिलेले असते आणि त्यातले कोणते थर केव्हा वाजावेत हे तुमच्या हालचालींवर ठरते.

सर्वांत सोपे उदाहरण ‘एफटीएल’ या २०१२ सालच्या अंतराळयुद्धाच्या गेमचे आहे. बेन प्रंटी यांनी त्यातल्या बहुतेक रचना जोडीने केल्या, एक शांत प्रवासासाठी आणि दुसरी लढाईसाठी. शत्रूचे जहाज समोर आले की शांत रचना मंदावत जाते आणि तिच्याच पोटातून लढाईची रचना वर येते. चाल तीच, पण आता तालवाद्ये जागी झालेली असतात. लढाई संपली की ठेका विरतो आणि चाल जिथे असेल तिथून शांतपणे पुढे चालते. अल्बमवर या दोन्ही रचना वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत. गेममध्ये तुम्हाला भावलेला तो वर येण्याचा क्षण त्यांपैकी एकीतही नाही, तो दोहोंच्या मध्ये आहे.

‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) मध्ये बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी हीच कल्पना फार पुढे नेली. खेळताना वाजणारे संगीत त्यांनी ए मायनर या एकाच स्केलमध्ये आणि मिनिटाला १३० मात्रांच्या एकाच लयीत बांधले, म्हणजे कोणत्याही तुकड्यावर कोणताही तुकडा चढवला तरी तो बेसूर किंवा बेताल होऊ नये. तुम्ही नुसते चालत असता तेव्हा एखादाच पदर वाजतो, घोड्यावर बसलात की खालून बेस येऊन मिळतो, गोळीबार सुरू झाला की आणखी थर चढतात. या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. स्केल बदलता येत नाही, लय बदलता येत नाही, आणि चाल फार ठसठशीत केली तर ती दुसऱ्या थराशी भांडते. म्हणून असे संगीत बरेचदा वातावरण उत्तम सांभाळते, पण गुणगुणायला फारसे काही हाती लागत नाही. अल्बमवर सपाट वाटते ते याचमुळे.

थर पारखायची सवय लावायची असेल तर ‘निअर: ऑटोमाटा’ (२०१७) घ्या. केइची ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तिथल्या रचना शांत आणि आक्रमक, गायनासह आणि गायनाविना अशा निरनिराळ्या रूपांत येतात, आणि हॅकिंगच्या खेळात शिरलात की तीच चाल जुन्या खेळयंत्रांच्या टिकटिक्या आवाजात वाजू लागते. एकाच ठिकाणी थोडे रेंगाळलात तरी हा बदल सहज ऐकू येतो.

प्रश्न: महागडे ब्लूटूथ हेडफोन घेतले. गाणी छान वाजतात, पण गेममध्ये बटण दाबल्यावर आवाज मागाहून येतो आणि दिशाही नीट कळत नाही.

दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. पहिली उशिराची आहे. नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत आवाज गुंडाळून, पाठवून, पुन्हा उलगडायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. वर सांगितलेल्या १३० च्या लयीत एक मात्रा सुमारे ४६० मिलिसेकंदांची होते, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा झाला. साथीला बसलेला तबलजी अर्धी मात्रा मागे राहिला तर जे होईल, तेच इथे होते. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण तिथे चित्रही तेवढेच थांबवून दाखवता येते. गेमला पुढचे चित्र तुमच्या बोटावरून ठरवायचे असते, त्यामुळे त्याला तशी वाट पाहता येत नाही. यावर खात्रीचा उपाय वायरचा हेडफोन हाच आहे. वायर नको असेल तर स्वतःची छोटी यूएसबी कांडी सोबत येणारे बिनतारी हेडफोन पाहा, त्यांचा उशीर पुष्कळ कमी असतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट तपासा. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक संगणकांवर जोडणी फोन-संभाषणाच्या प्रकारात उतरते आणि संगीत एकदम टेलिफोनवरून ऐकल्यासारखे कोंदट व एकसुरी होते. आवाज अचानक असा ‘मेला’ तर आधी मायक्रोफोन बंद करा.

दिशेचे कारण बहुधा दुहेरी प्रक्रिया हे असते. गेम स्वतः हेडफोनसाठी आवाजाला दिशा देतो, त्यावर संगणकाचा किंवा हेडफोनचा ‘आभासी सराउंड’ पुन्हा तेच करतो, आणि दोन वेळा वळवलेला आवाज कुठलाच राहत नाही. तो डोक्याच्या मधोमध, स्नानगृहात वाजल्यासारखा ऐकू येतो. गेममध्ये ‘हेडफोन’ हा पर्याय ठेवा आणि बाकी सगळे सराउंड बंद करा. एकाच ठिकाणी एकदाच प्रक्रिया होऊ द्या.

पारख करण्यासाठी ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ (२०१७) याची सुरुवातीची दहा मिनिटे पुरेशी आहेत. नायिकेला ऐकू येणारे आवाज तिथे दोन कानांच्या जागी दोन माइक असलेल्या साधनाभोवती फिरत बोलून मुद्रित केले आहेत. मांडणी बरोबर असेल तर कुजबुज डाव्या कानामागून मानेवरून उजवीकडे सरकते. ती नुसतीच डावीकडून उजवीकडे उडी मारत असेल तर कुठेतरी एखादी प्रक्रिया अजून चालू आहे. पुढे लढाईत मागून येणाऱ्या शत्रूची सूचनाही हेच आवाज देतात, कारण पडद्यावर कसलेच फलक नाहीत. विषय मनोविकाराचा असून मांडणी तीव्र आहे, तेव्हा मनाची तयारी नसेल तर दहा मिनिटांवरच थांबावे.

प्रश्न: मी संगीत शंभरावर आणि इतर आवाज तीसवर ठेवतो. चुकते का?

चुकते. निदान पहिल्या खेळात तरी सगळे जसे दिले आहे तसेच ठेवा. चांगल्या ध्वनिरचनेत संवाद आला की संगीत आपोआप थोडे खाली बसते आणि नंतर हळूच वर येते. तुम्ही प्रमाण बिघडवले की हे खाली बसणे धक्क्यासारखे जाणवते.

शिवाय कित्येक गेममध्ये संगीत कुठे संपते आणि आवाज कुठे सुरू होतो हे सांगताच येत नाही. ‘इनसाइड’ (२०१६) हा त्याचा नमुना आहे. मार्टिन स्टिग अँडरसन यांनी त्यासाठी बरेच आवाज खऱ्या मानवी कवटीतून वाजवून पुन्हा मुद्रित केले, म्हणजे हाडातून ऐकल्यासारखा तो दबका, आतला नाद मिळाला. या गेममध्ये एके ठिकाणी ठराविक अंतराने प्रचंड धक्कालहर येते आणि प्रत्येक लहरीच्या वेळी तुम्ही एखाद्या आडोशामागे असावे लागते. चुकलात तर मुलगा मरतो आणि खेळ थोड्या मागच्या जागेवरून पुन्हा सुरू होतो, पण आवाजाचा प्रवाह तुटत नाही. त्या लहरीचे आवर्तन चालूच राहते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात पाय आपोआप समेवर पडू लागतात. इतर आवाज तीसवर असतील तर हे आवर्तन तुमच्या हाती लागणारच नाही.

प्रश्न: चित्रे अजिबातच नसलेला, तरीही पूर्ण लांबीचा गेम आहे का?

आहे. ‘द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन’ (२०२१) याची नायिका जन्मांध आहे आणि पडद्यावर रंगीत कणांखेरीज काही नाही. तलवार डावीकडून, समोरून की उजवीकडून येते आहे हे ऐकून त्या बाजूला ढाल धरायची. हेडफोन डावे-उजवे उलटे घातलेत तर पहिल्याच लढाईत लक्षात येईल.