गोडा मसाला आणि गरम मसाला यांत फरक काय?

प्रश्न: गोडा मसाला संपलाय, आमटीत गरम मसाला घातला तर चालेल का? आणि दोन्ही नेमके कधी घालायचे?

चालेल, पण ती नेहमीच्या आमटीसारखी न लागता छोल्यांच्या वाटेला जाईल. गरम मसाल्यात लवंग, दालचिनी, मिरी, वेलची यांचाच जोर असतो. गोड्या मसाल्यात ही मंडळी चिमटीभर. मुख्य भरणा धण्यांचा, मग तीळ, सुकं खोबरं आणि दगडफूल. त्याचा तो काळसर, मातकट वास दगडफुलाचा. साखर-गूळ त्यात नसतो, ‘गोडा’ म्हणजे तिखटजाळ नसलेला.

वेळही यावरूनच ठरते. एक वाटी तूरडाळीच्या आमटीला मी फोडणीत शिजलेली डाळ ओतते, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ घालते आणि मगच दीड चमचा गोडा मसाला. त्यानंतर पाच-सात मिनिटं उकळी हवीच, नाहीतर मसाला कच्चट लागतो. थेट कडकडीत तेलात टाकलात तर तीळ-खोबरं क्षणात करपतं आणि आमटी कडवट होते. (माझी झालीय, पाहुणे आलेले असताना.) भरल्या वांग्यात मात्र तो दाण्याच्या कुटासोबत सारणातच जातो.

गरम मसाला उलट: त्याचा सुगंध पटकन उडणारा. म्हणून उसळ किंवा रस्सा झाल्यावर पाव चमचा भुरभुरायचा, गॅस बंद, झाकण.

अडलंच तर आमटीत अर्धा चमचा धणे-जिरे पूड आणि गरम मसाला फक्त चिमूटभर.