दादाने लोकल पकडली

प्रश्न: ऑफिसमधल्या अमराठी सहकाऱ्यांसाठी मराठी व्याकरणाचा एकच नियम शिकवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. उदाहरणही एकच, पण डोक्यात बसलं पाहिजे असं. स्क्रिप्ट कशी लिहू?

उत्तर:

'ने'चा नियम घ्या. मी दादरला संध्याकाळी नोकरदार मंडळींना मराठी शिकवते, आणि वर्गासाठी असे छोटे व्हिडिओ स्वतःच करते. भूतकाळात 'त्याने', 'तिने', 'दादाने' आलं की पुढचं क्रियापद कसं लावायचं, इथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. नियम एका वाक्याचा आहे: कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्त्याकडे न बघता कर्माकडे बघतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणायचो. ते नाव व्हिडिओत घेऊ नका. नाव पाठ करण्यात लोकांचं लक्ष जातं आणि वाक्य निसटतं.

खरी मेहनत उदाहरण निवडण्यात आहे. माझ्या पहिल्या व्हिडिओत मी 'दादाने वडापाव खाल्ला' हे वाक्य घेतलं होतं. मुंबईतली माणसं, सगळ्यांच्या ओळखीची वस्तू, सगळ्यांना आवडलंही. पुढच्या आठवड्यात तिघांनी वहीत लिहून आणलं, 'ताईने वडापाव खाल्ली'. एक जण म्हणाला, "मॅडम, ताई आहे ना, म्हणून खाल्ली." चूक त्याची नव्हती, माझ्या उदाहरणाची होती. दादा पुल्लिंगी आणि वडापावही पुल्लिंगी. 'खाल्ला' यातल्या कोणामुळे आलं, हे त्या वाक्यावरून कळायला मार्गच नव्हता. तेव्हापासून एक गोष्ट मी पाळते: कर्ता आणि कर्म यांची लिंगं वेगळी हवीत. दादा पुरुष आणि वाक्याच्या शेवटी 'पकडली'. ऐकणाऱ्याचा कान तिथे अडतो, आणि त्या अडण्यावरच अख्खा व्हिडिओ उभा राहतो.

चहाचं उदाहरण सुचेल, तेही टाळा. पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याकडेच बघतात. दादा चहा प्यायला, ताई डबा विसरली. तिथे 'ने' येतच नाही. ती पुढच्या एखाद्या व्हिडिओत सांगा. 'पकडणे' मात्र नियमाला पक्कं आहे.

माझी स्क्रिप्ट अशी आहे. कंसात पडद्यावर काय दिसतं ते, अवतरणात माझं बोलणं.

(फलाट. खाली अक्षरं: दादा लोकल पकडतो.)

"दादा रोज सकाळी लोकल पकडतो. कोण पकडतो? दादा. म्हणून 'पकडतो'. ताई असती तर 'पकडते'. क्रियापद दादाकडे बघतंय."

(अक्षरं बदलतात: दादाने लोकल पकड__.)

"ही कालची गोष्ट. रिकामी जागा भरा."

(चार सेकंद शांतता. मग 'पकडली' उमटतं.)

"पकडली. दादा तर पुरुष आहे, मग 'पकडला' का नाही? दादाच्या शेवटी बघा."

(फक्त 'ने' लाल होतो.)

"हा 'ने' म्हणजे लागलेलं दार. दार लागलं, आता क्रियापदाला दादाकडे जाता येत नाही. ते दुसरं दार शोधतं. लोकल. तिला काही चिकटलेलं नाही, दार उघडं आहे. ती लोकल, म्हणून पकडली."

(दादा पुसला जातो, तिथे ताई: ताईने लोकल पकडली.)

"दादाच्या जागी ताई आली. शेवट बदलला का? नाही. पकडली."

(लोकल पुसली जाते, तिथे बॉल: ताईने बॉल पकडला.)

"आता लोकलच्या जागी बॉल. तो बॉल. ताईने बॉल पकडला."

(दोन्ही वाक्यं एकाखाली एक, 'ने' लाल.)

"ताई तीच, शेवट वेगळा. 'ने' दिसला की त्याच्या पुढचा शब्द बघा."

बोलणं जेमतेम दीड मिनिटाचं होतं, उरलेला वेळ थांबण्यात जातो. चार सेकंदांची शांतता संपादन करताना कापाविशी वाटेल, कापू नका. बघणाऱ्याने त्या वेळात मनात 'पकडला' म्हटलेलं असतं, आणि आपण चुकलो हे कळल्यावर तो पुढचं कारण कान देऊन ऐकतो. एका वेळी एकच शब्द बदला, हेही तितकंच महत्त्वाचं. दादा आणि लोकल एकदम बदललेत, तर शेवट कोणामुळे बदलला हा घोळ पुन्हा तसाच राहतो. माझ्या वडापावाच्या वाक्यात झालं तेच.

तुमचे सहकारी कोणती भाषा बोलतात हे आधी विचारून घ्या. ज्यांच्या हिंदीत 'भाई ने ट्रेन पकड़ी' सहज येतं, त्यांना हा नियम मुळात येतच असतो. 'हिंदीतल्यासारखंच' एवढं सांगितलं की काम होतं. भोजपुरीत हा 'ने' नाही, त्यामुळे घरी भोजपुरी बोलणाऱ्यांना जास्त सराव लागतो. गुजराती माणसाची अडचण वेगळीच. त्याच्या भाषेत 'ने' म्हणजे आपला 'ला'. 'दादाने' ऐकल्यावर त्याला 'दादाला' असं वाटतं, आणि दादाने लोकल पकडली की लोकलने दादाला, इथून गोंधळ सुरू होतो. गुजराती मंडळी असतील तर सुरुवातीलाच एक ओळ घाला: मराठीत 'ने' लागलेला माणूस काम करणारा असतो. तमिळ बोलणाऱ्यांना क्रियापद कर्त्यामागे जाण्याची सवय असते, म्हणून त्यांच्यासाठी ताई-दादाची अदलाबदल दोनदा दाखवते.

दोन गोष्टी मी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. एक म्हणजे 'मी' आणि 'तू'. 'मी लोकल पकडली' हे वाक्य याच नियमाचं आहे, पण तिथे 'ने' डोळ्यांना दिसत नाही, आणि 'तू' आला की शेवटी 'स' चिकटतो: 'तू लोकल पकडलीस'. दुसरी म्हणजे 'दादाने चोराला पकडलं'. इथे कर्मालाही 'ला' लागला. दोन्ही दारं बंद, म्हणून क्रियापद कोणाकडेच न जाता नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. दाराची कल्पना तिथेही चालते, त्यामुळे तो दुसरा व्हिडिओ सोपा जातो. पण पहिल्यातच दाखवलंत, तर भोजपुरी बोलणाऱ्याला नियमासोबत नपुंसकलिंगही नवीन पडतं आणि दोन्ही अर्धवट राहतात.

व्हिडिओ पोचला की नाही हे 'समजलं का' असं विचारून कळत नाही, सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी एक ओळ पाठवा: 'ताईने डबा उघड__'. उत्तर 'उघडली' आलं, तर माणूस अजून ताईकडेच बघतोय. त्याला ताईने बॉल पकडलेला तुकडा परत दाखवा. 'उघडला' आलं, तर लगेच दुसरी ओळ द्या, 'दादाने दोन लोकल सोड__'. वचनसुद्धा कर्माकडूनच येतं हे मी व्हिडिओत कुठेच सांगत नाही, तरी ज्यांना दाराचं पटलेलं असतं ते आपणहून 'सोडल्या' लिहितात.