आठ मिनिटांत बारा आठवडे बसत नाहीत

प्रिय मित्रा,

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठ मिनिटांच्या सादरीकरणाचा तू पाठवलेला मसुदा काल रात्री नीट पाहिला. २२ स्लाइड आहेत. पहिलीवर तुझी ओळख, दुसरीवर विभागाची माहिती, मग पहिला आठवडा, दुसरा आठवडा असं करत करत १७ व्या स्लाइडवर तुझं खरं काम येतं: रात्रीचा ग्राहक रिपोर्ट तयार व्हायला ४० मिनिटं लागायची, आता ६ लागतात. मी घड्याळ लावून सगळं मोठ्याने वाचून पाहिलं. त्या स्लाइडपर्यंत पोचायला मला ११ मिनिटं लागली. म्हणजे तुझी वेळ संपून तीन मिनिटं झाल्यावर टीमला कळणार की तू काय केलंस.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपच्या शेवटी मी हेच केलं होतं. सहा मिनिटं पार्श्वभूमीत गेली, निकालाचा आलेख पडद्यावर आला आणि पुढच्या माणसाला बोलावलं गेलं. त्या आलेखावर एकही प्रश्न आला नाही, कारण तो कोणी धड पाहिलाच नव्हता. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितोय.

आठवड्यांचा क्रम सोडून दे. टीमने ते आठवडे तुझ्याबरोबरच काढलेत, रोज सकाळच्या बैठकीत ऐकलेत. त्यांची गरज वेगळी आहे. पुढच्या सोमवारी तू नसशील, आणि एखाद्या रात्री रिपोर्ट अडकला तर त्यांच्यातल्याच कोणाला तरी तो सोडवावा लागेल. त्या माणसाला समोर बसवून बोलायचं आहे असं धर, म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप कळेल.

मी वेळ अशी वाटेन. पहिल्या मिनिटात निकाल. दुसऱ्यात आधीची स्थिती. पुढची तीन मिनिटं उशिराचं कारण, त्यावरचा उपाय आणि त्याचा पुरावा. मग एक मिनिट फसलेल्या प्रयत्नाला आणि एक मिनिट राहिलेल्या कामाला. झाली सात. आठवं मिनिट रिकामंच ठेव. लॅपटॉप पडद्याला जोडताना किंवा कोणी मध्येच काही विचारलं की ते हमखास खर्च होतं.

ती मधली तीन मिनिटं हा तुझ्या सादरीकरणाचा जीव आहे. तुझ्या मसुद्यात तिथे कोडची तीन पानं चिकटवली आहेत, ती काढ. कारण अगदी साध्या हिशेबात सांगता येतं. ग्राहक १२,०००. जुना प्रोग्राम प्रत्येक ग्राहकासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी मारायचा. एका फेरीला ०.२ सेकंद. १२,००० गुणिले ०.२ म्हणजे २,४०० सेकंद, म्हणजेच ४० मिनिटं. तू ५०० ग्राहकांचा एक गट केलास, त्यामुळे फेऱ्या उरल्या २४. आता एक फेरी जड असते, तिला साधारण १५ सेकंद लागतात. २४ गुणिले १५ म्हणजे ३६० सेकंद, ६ मिनिटं. हा गुणाकार पडद्यावर एकेक ओळ करून येऊ दे आणि प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांब. ४० हा आकडा त्यांनी इतकी वर्षं नुसता सहन केलाय. तो कुठून येतो हे डोळ्यांदेखत उलगडलं की उपाय वेगळा समजावावा लागत नाही.

पुरावा म्हणून रिपोर्ट समोर चालवून दाखवायचा विचार तू लिहिला आहेस. नको. सहा मिनिटं लोक काय पाहत बसणार? लॉगमधल्या दोन ओळी मोठ्या अक्षरात दाखव, पुरे:

```
02:00:04 report start
02:06:11 report done
```

मात्र ही एका रात्रीची वेळ आहे हे तूच सांग. तू पाच रात्री मोजलंस, वेळ ५ ते ७ मिनिटांच्या मध्ये आली, तर तसंच म्हण. महिनाअखेरीला नोंदी वाढतात आणि ती रात्र अजून आलेली नाही, हेही तुझ्याच तोंडून येऊ दे. हे कोणी प्रश्न विचारून तुझ्याकडून काढून घेतलं, तर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही डळमळतो.

फसलेला प्रयत्न तू मसुद्यात कुठेच घेतलेला नाहीस, याचं मला वाईट वाटलं. चौथ्या आठवड्यात तू इंडेक्स लावून पाहिलास आणि वेळ जवळजवळ तेवढाच राहिला. का? एकेक फेरी मुळात जलदच होती, दुखणं फेऱ्यांच्या संख्येत होतं. तुझ्यानंतर हे काम ज्याच्याकडे जाईल तोही पहिल्यांदा इंडेक्सच लावून बघेल. त्याचा आठवडा वाचवायला तुझं एक मिनिट खर्ची पडलं तर पडू दे.

शेवटची स्लाइड, राहिलेल्या कामाची, सगळ्यात आधी लिही. त्यावर तीनच गोष्टी असू देत: महिनाअखेरची मोजणी कोण करणार, गट मधेच तुटला तर कुठून पुन्हा सुरू करायचं, आणि हे सगळं लिहिलेलं कागदपत्र कुठे आहे. ‘भविष्यातील वाव’ असलं शीर्षक देऊ नकोस. ‘सोमवारपासून’ एवढंच लिही.

अशा मिळून सातच स्लाइड होतील. आता तालीम. मनात वाचून वेळ मोजू नकोस. मनातला वाचनाचा वेग बोलण्यापेक्षा सहसा जास्त असतो. उभा राहा, मोठ्याने बोल, आणि प्रत्येक स्लाइड बदलताना घड्याळात किती झाले ते कागदावर टिपून ठेव. पहिल्या खेपेला दहा-अकरा मिनिटं लागली तर भरभर बोलून ती आठात कोंबू नकोस, वाक्यं काप. आणि एक खूण आधीच ठरवून ठेव: पाचव्या मिनिटाला पुराव्याची स्लाइड संपलेली नसेल, तर इंडेक्सची गोष्ट एका वाक्यात सांगून थेट ‘सोमवारपासून’वर जायचं. ऐनवेळी काय गाळायचं हे सुचत नाही, आणि मग नेमकी शेवटचीच स्लाइड बळी जाते.

प्रश्नांपैकी एक तर नक्की येणार: गट ५०० चाच का? तू १०० आणि २,००० सुद्धा करून पाहिले होतेस, २,००० ला मेमरी भरली होती. तो छोटा तक्ता शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवून दे. कोणी विचारलं तरच उघड.

आभार एका वाक्यात, पण नेमके. दुसऱ्या आठवड्यात तुझ्याशेजारी बसून लॉग कसा वाचायचा हे ज्यांनी शिकवलं, त्यांचं नाव घे. सगळ्यांचे सरसकट आभार त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत.

बुधवारी चार वाजता छोटी मीटिंगची खोली मी घेऊन ठेवली आहे. हिशेब विभागातल्या ताईंना बोलावलंय. रोज सकाळी तो रिपोर्ट त्याच पहिल्यांदा उघडतात आणि डेटाबेसशी त्यांचा काही संबंध नाही. फेऱ्यांचा गुणाकार चालू असताना मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघणार आहे. जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडेल ते वाक्य मी टिपून ठेवीन, आणि मग आपण दोघं बसून तेवढंच बदलू. येताना सात स्लाइड आण, आणि वेळा टिपलेला तो कागदही.

तुझा,
दादा